‘तटस्थ’ या रकान्यात गाडलेली मराठी

सीमाभागातील भाषिक हक्कांचा प्रश्न आम्ही आजवर पाट्या, परिपत्रके, शाळा आणि सरकारी कागदपत्रे यांच्या संदर्भात मांडत आलो. ज्या तालुक्यात भाषिक अल्पसंख्याकांचे प्रमाण १५ टक्के किंवा त्याहून अधिक आहे, तेथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत मिळाल्या पाहिजेत, हे तत्त्व १९५६ पासून कागदावर आहे. त्या तत्त्वाचा पाया मोजणी हा आहे. ज्याची गणना होते त्याला निदान मागता तरी येते. ज्याची गणनाच होत नाही त्याच्या मागणीला आधार उरत नाही. म्हणूनच मोजणीच्या एका नव्या पद्धतीकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. ही पद्धत सरकारी कचेरीतून आलेली नसून महाविद्यालयाच्या वर्गातून आणि व्यापारी आस्थापनांतून आली आहे.

वाणिज्य आणि व्यवस्थापन शाखांच्या विद्यार्थ्यांना अलीकडे ‘डिजिटल अ‍ॅनालिटिक्स’ या विषयात एक ठरावीक असाइनमेंट दिली जाते. एखादा उद्योग किंवा दुकान निवडायचे, त्याच्याविषयी लोकांनी समाजमाध्यमांवर आणि नकाशावरील अभिप्रायांत काय लिहिले आहे ते गोळा करायचे, प्रत्येक प्रतिक्रिया अनुकूल, प्रतिकूल की तटस्थ हे संगणकाकडून ठरवून घ्यायचे आणि शेवटी एक आलेख काढून मालकाला सल्ला द्यायचा. यातील गोळा करण्याच्या भागाला ‘सोशल लिसनिंग’ म्हणतात आणि वर्गवारीच्या भागाला ‘सेंटिमेंट अ‍ॅनालिसिस’. आपण त्याला भावविश्लेषण म्हणू. असाइनमेंट उपयुक्त आहे, याविषयी आमचे दुमत नाही. मात्र बेळगाव, निपाणी किंवा खानापूर येथे ती जशीच्या तशी केली, तर तिच्यातून मराठी माणसाची तक्रार नाहीशी होते. ती कशी नाहीशी होते आणि ते कसे ओळखावे, हे सांगणे हा या लेखाचा उद्देश आहे.

पहिली गळती ऐकण्याच्या आधीच होते. सोशल लिसनिंगच्या साधनाला आपण काही शोधशब्द देतो आणि ते शब्द जेथे आढळतील तेवढेच लेखन ते उचलते. आपल्या शहराचे अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून ‘बेळगावी’ झाले. विद्यार्थी साहजिकच इंग्रजीत `Belagavi` हा शब्द देतो. परंतु मराठी माणूस ‘बेळगाव’ लिहितो, जुन्या वळणाचा असेल तर ‘बेळगांव’ असा अनुस्वार देतो, रोमन लिपीत `Belgaum` किंवा `Belgav` लिहितो. ही चारही रूपे शोधशब्दांत नसतील तर त्यांचे लेखन जाळ्यात येतच नाही. कोणता शब्द वापरला यावरून आमच्याकडे लिहिणाऱ्याची भाषा आणि पुष्कळदा भूमिकाही कळते. म्हणून शोधशब्द निवडणे म्हणजे नकळत माणसे निवडणे होय. पदार्थांच्या नावांचेही तसेच. ‘कुंदा’ कोणी ‘कुन्दा’ असा लिहितो, रोमन लिपीत कोणी `kunda` तर कोणी `kundaa`. विद्यार्थ्याने आधी पंचवीस-तीस प्रतिक्रिया स्वतः वाचून लोक कोणकोणती रूपे लिहितात याची यादी करावी आणि मगच शोध सुरू करावा. शोधशब्दांची ही यादी अहवालात छापलेली नसेल, तर तो अहवाल कोणाचे ऐकून लिहिला आहे हे वाचणाऱ्याला कळू शकत नाही.

दुसरी गळती अधिक मोठी आहे, आणि ती नीट समजण्यासाठी वर्गवारी प्रत्यक्षात कशी होते ते पाहिले पाहिजे. अशा असाइनमेंटमध्ये सर्वाधिक आढळणारे विनामूल्य साधन म्हणजे `VADER`. अमेरिकेतील हटो आणि गिल्बर्ट या संशोधकांनी ते २०१४ मध्ये मांडले. त्याच्या पोटात सुमारे साडेसात हजार इंग्रजी शब्दांचा, संक्षेपांचा आणि भावचिन्हांचा एक कोश आहे. प्रत्येक नोंदीला माणसांनी उणे ४ ते अधिक ४ या पट्टीवर गुण दिलेले आहेत. प्रतिक्रियेतील शब्द या कोशात शोधायचे, सापडलेल्यांच्या गुणांची बेरीज करायची, नकार आणि उद्गारचिन्हे यांसाठी थोडी दुरुस्ती करायची आणि ती बेरीज उणे १ ते अधिक १ या मर्यादेत बसवायची, अशी त्याची रीत आहे. शेवटचा आकडा ०.०५ किंवा त्याहून अधिक आला तर प्रतिक्रिया अनुकूल, उणे ०.०५ किंवा त्याहून कमी आला तर प्रतिकूल, आणि मधले सारे तटस्थ.

इंग्रजी मजकुरासाठी ही रीत साधी आणि बऱ्यापैकी उपयोगी आहे. आता तिला ‘कुंदा शिळा होता, पैसे वाया गेले’ हे वाक्य द्या. या वाक्यातील एकही शब्द कोशात नाही, म्हणून बेरीज शून्य येते आणि शून्य म्हणजे तटस्थ. साधन चुकीचा संदेश दाखवत नाही, ‘मला ही भाषा येत नाही’ असेही म्हणत नाही. संतापलेला ग्राहक आणि ज्याला काही मतच नाही असा ग्राहक, दोघेही एकाच रकान्यात शेजारी शेजारी बसतात. आमचा मुख्य आक्षेप येथे आहे. ‘वाचले आणि मत आढळले नाही’ ही एक गोष्ट आहे आणि ‘वाचताच आले नाही’ ही दुसरी. या दोन्हींना एकच नाव देणे ही मोजणीतील अप्रामाणिकता आहे, मग ती कोणी मुद्दाम केलेली नसली तरी.

रोमन लिपीतील मराठीची अवस्था याहून चमत्कारिक आहे. तेथे काही मराठी शब्द योगायोगाने इंग्रजी शब्दांसारखे दिसतात. आपला ‘वर’ हा शब्द पुष्कळ जण `war` असा लिहितात. `Counter war lagech milala` म्हणजे ‘काउंटरवर लगेच मिळाला’. ही स्पष्ट शाबासकी आहे. परंतु कोशाला त्यात युद्ध दिसते. त्या शब्दाचे गुण उणे २.९ आहेत आणि वाक्याचा शेवटचा आकडा उणे ०.६ च्या आसपास जातो. म्हणजे तत्पर सेवेचे कौतुक तीव्र तक्रार म्हणून नोंदवले जाते. याउलट ‘तीन दिवसांचा शिळा कुंदा, वा 😂’ या वाक्यात साधनाला फक्त हसरे चिन्ह कळते. त्या चिन्हाचे इंग्रजी वर्णन ‘आनंदाश्रू’ या अर्थाचे आहे, आनंदाचे गुण अश्रूंपेक्षा जास्त आहेत, आणि उपरोध अनुकूल ठरतो.

आता हे सर्व एका उदाहरणात मांडू. आकडे आम्ही समजण्याच्या सोयीसाठी घेतले आहेत. समजा, बेळगावातील कुंदा विकणाऱ्या एका दुकानाविषयी विद्यार्थ्याने २०० प्रतिक्रिया गोळा केल्या. त्यांपैकी ७० इंग्रजीत, ५० देवनागरी मराठीत, ४० रोमन लिपीतील मराठीत आणि ४० कन्नडमध्ये आहेत. इंग्रजीत लिहिणारे बहुतेक प्रवासी आहेत. ते बंद डबा भेट म्हणून नेतात आणि खूश असतात. मराठीत लिहिणारे रोजचे गिऱ्हाईक आहे, आणि सुट्या कुंद्यात शिळा माल मिसळला जातो ही त्यांची तक्रार आहे. दोन्ही भाषा जाणणाऱ्या माणसाने सर्व प्रतिक्रिया वाचल्या तर ८८ अनुकूल, ७१ प्रतिकूल आणि ४१ तटस्थ निघतात. अनुकूलमधून प्रतिकूल वजा करून एकूण संख्येने भागले की जो निव्वळ कल मिळतो, तो साडेआठ टक्के येतो. म्हणजे दुकान जेमतेम तरले आहे.

तेच काम साधनाने केले तर ६१ अनुकूल, १३ प्रतिकूल आणि १२६ तटस्थ असा निकाल लागतो. निव्वळ कल २४ टक्के होतो, जवळजवळ तिप्पट. देवनागरी मराठीतील ५० प्रतिक्रियांकडे वेगळे पाहिले तर माणसाला त्यांत २८ तक्रारी दिसल्या होत्या. साधनाला एकही दिसली नाही. त्याने ४६ तटस्थ ठरवल्या आणि उरलेल्या ४ केवळ हसऱ्या चिन्हांमुळे अनुकूल. अहवालात मात्र असे लिहिले जाईल की ‘स्थानिक भाषांतील ग्राहक उदासीन आहेत, इंग्रजी ग्राहक समाधानी आहेत, प्रतिकूल प्रतिक्रिया नगण्य आहेत’. मालक त्यावरून बंद डब्यांची जाहिरात इंग्रजीत वाढवील. शिळ्या मालाची तक्रार करणाऱ्या माणसाला त्याची भाषा येणारा कोणी भेटला असता तर जे पाच मिनिटांत कळले असते, ते आलेख काढूनही कळणार नाही. कन्नडमध्ये लिहिणाऱ्या गिऱ्हाइकाचेही येथे तेवढेच नुकसान होते, हे आम्ही मुद्दाम नमूद करतो. या यंत्राला आपल्या दोन्ही भाषा सारख्याच परक्या आहेत.

हा दोष ओळखण्याची खूण सोपी आहे. तटस्थ प्रतिक्रियांचे प्रमाण भाषावार काढावे. इंग्रजीत ते २४ टक्के आणि मराठीत ९२ टक्के असेल, तर मराठी माणूस चौपट उदासीन आहे असा अर्थ होत नाही. साधन आंधळे आहे असा होतो. नकाशावरील अभिप्रायांत लोक तारेही देतात. एक तारा देऊन लिहिलेले वाक्य साधनाने तटस्थ ठरवले असेल, तर पुरावा हातातच आहे.

यावर काही शिक्षक सुचवतात की आधी सर्व मजकूर इंग्रजीत भाषांतरित करून घ्यावा. त्याने परिस्थिती सुधारते, पण नवी अडचण उभी राहते. भाषांतर करण्यापूर्वी यंत्राला भाषा ओळखावी लागते, आणि चार-पाच शब्दांच्या देवनागरी वाक्याला हिंदी समजण्याची चूक सहज घडते. ‘ग्राहकांची चेष्टा’ हे दोनच शब्द घ्या. मराठीत चेष्टा म्हणजे थट्टा. हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. ‘रांगेत उभे राहणे म्हणजे शिक्षा’ यातील शिक्षा मराठीत दंड आहे, हिंदीत शिक्षण. भाषा चुकली की राग कौतुकात बदलतो. इंदूर, ग्वाल्हेरच्या मराठी वाचकांना ही अडचण आमच्यापेक्षा अधिक जाणवेल, कारण तेथे एकाच वाक्यात दोन्ही भाषा एकाच लिपीत नांदतात. गोव्यात तीच गुंतागुंत कोकणीमुळे होते.

मराठीसाठी काहीच साधने नाहीत, असे मात्र कोणी समजू नये. पुण्यातील ‘एल३क्यूब’ या गटाने २०२१ मध्ये सुमारे १६ हजार मराठी ट्वीटचा, माणसांनी वर्गवारी केलेला संच खुला केला. पुढे चित्रपट परीक्षणे, दूरचित्रवाणी मालिकांची उपशीर्षके, राजकीय आणि सर्वसाधारण ट्वीट अशा चार क्षेत्रांचा मोठा संचही त्यांनी सिद्ध केला. या संचांवर शिकवलेली प्रतिमाने विनामूल्य मिळतात आणि देवनागरी मराठीसाठी ती इंग्रजी कोशापेक्षा निःसंशय सरस आहेत. असाइनमेंट देणाऱ्या शिक्षकांनी त्यांचे नाव तरी वर्गात सांगावे, ही आमची अपेक्षा आहे. परंतु त्यांच्याही मर्यादा त्यांच्या मूळ सामग्रीतच आहेत. पहिला संच महाराष्ट्रातील नामवंत व्यक्तींच्या खात्यांवरील ट्वीटमधून तयार झाला. नामवंत व्यक्ती शुभेच्छा देते, आदरांजली वाहते, प्रतिपक्षावर टीका करते. ती काउंटरवर सुटे पैसे मिळाले नाहीत म्हणून कुरकुरत नाही. आणि ती बेळगावच्या बोलीत तर मुळीच लिहीत नाही.

बोलीचा हा प्रश्न केवळ शब्दसंग्रहाचा नाही. आमच्याकडे स्तुती पुष्कळदा नकारातून किंवा वाईट शब्दातून होते. ‘नाव ठेवायला जागा नाही’ ही सर्वोच्च पावती आहे, जरी तिच्यात ‘नाही’ आहे. ‘नाद खुळा’ यात खुळेपणा आहे, तरी तो गौरवच आहे. पु. ल. देशपांडे यांनी रंगवलेले बेळगावचे रावसाहेब आठवा. त्यांच्या तोंडी शिवी आली की समजावे, माणूस आवडला. ज्या गावात शिवीचा अर्थ बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावरून ठरतो, तेथे शब्दांचे गुण आधीच ठरवून ठेवलेला कोश किती चालणार? उलट ‘बरे आहे’ हे दिसायला अनुकूल वाटते, पण कुंदा खाऊन जो एवढेच म्हणतो, तो पुन्हा त्या दुकानात जाईलच असे नाही.

यापुढील मर्यादा कोणत्याही भाषेत, कोणत्याही साधनाला लागू पडते, आणि सीमाभागात तिला विशेष धार येते. समजा एकाने लिहिले, ‘कुंदा अप्रतिम, पण दुकानात मराठीत बोलले तर उत्तर मिळत नाही.’ ही प्रतिक्रिया अनुकूल की प्रतिकूल? एका वाक्याला एकच शिक्का मारायचा असेल तर दोन्ही भाग एकमेकांना खाऊन टाकतात आणि वाक्य पुन्हा तटस्थ ठरते. वस्तुतः येथे दोन निवाडे आहेत, एक पदार्थाविषयी आणि एक वागणुकीविषयी. जाणकार विश्लेषक प्रतिक्रियेचे असे घटक पाडून प्रत्येकाचा कल वेगळा नोंदवतात. आमच्या भागात या घटकांच्या यादीत चव, ताजेपणा, दर, सेवा यांच्या बरोबरीने ‘भाषा’ हा स्वतंत्र घटक असलाच पाहिजे. तो नसेल तर भाषेविषयीची तक्रार एक तर ‘सेवा’ या सदरात विरून जाते किंवा ‘राजकीय मजकूर’ म्हणून गाळली जाते. १ नोव्हेंबरच्या आसपास भाषावादाच्या लाटेत दुकानांवर खरोखरच अशा प्रतिक्रिया येतात, ज्यांचा खरेदीशी संबंध नसतो. त्या वेगळ्या काढल्या पाहिजेत, हे आम्हाला मान्य आहे. पण ती छाननी भाषा कळणाऱ्या माणसाने वाचून करावी. ‘मराठी’ हा शब्द दिसला की वाक्य बाद, असा नियम लावून करू नये.

मग असाइनमेंट करावी कशी? आमच्या मते त्यासाठी फार काही लागत नाही. प्रथम गोळा केलेल्या प्रतिक्रिया भाषा आणि लिपी यांनुसार वेगळ्या कराव्यात. प्रत्येक गटातून पन्नासेक प्रतिक्रिया चिठ्ठ्या टाकून निवडाव्यात आणि ती भाषा घरी बोलणाऱ्या दोन विद्यार्थ्यांनी एकमेकांना न दाखवता त्यांची वर्गवारी करावी. त्या दोघांचे जेथे पटत नाही, ती वाक्ये वाचून चर्चा करावी. माणसांचेच ज्या वाक्यावर एकमत होत नाही, त्याबद्दल यंत्राला दोष देता येत नाही. त्यानंतर साधनाचा निकाल या हातवर्गवारीशी ताडून पाहावा, आणि तोही एकूण नव्हे तर गटवार. माणसाला दिसलेल्या तक्रारींपैकी साधनाला किती दिसल्या, हा एक आकडा प्रत्येक भाषेपुढे लिहिला तरी पुरे. वरील उदाहरणात मराठीपुढे ‘२८ पैकी ०’ असे लिहावे लागेल, आणि ते वाचल्यावर कोणताही मालक त्या आलेखावर विसंबणार नाही. शेवटी, तटस्थ या रकान्याशेजारी ‘वाचता आले नाही’ असा चौथा रकाना काढावा.

हे सर्व केल्यानंतरही एक गोष्ट शिल्लक राहते. जो लिहितो त्याचेच ऐकू येते. सकाळी दुकानाच्या पायरीवर उभे राहून शिळ्या मालाबद्दल मालकाला सुनावणारी वृद्ध बाई कोठेही अभिप्राय नोंदवत नाही. तिचे मत मोजण्याचे साधन अद्याप काउंटरवरचा माणूस हेच आहे, आणि त्याला तिची भाषा यावी लागते.

आमची मागणी मर्यादित आहे. सीमाभागातील महाविद्यालयांनी या असाइनमेंटच्या गुणांकनात भाषावार पडताळणीला गुण ठेवावेत, आणि ज्या अहवालात ती नाही तो अपूर्ण मानावा. आमच्या विद्यार्थ्यांकडे यासाठी लागणारी गोष्ट आधीच आहे. ती मुले मराठी, कन्नड आणि इंग्रजी तिन्ही वाचतात. मोठ्या शहरातील महागड्या संस्थेला हे मनुष्यबळ सहज मिळत नाही. आपली भाषा न कळणाऱ्या साधनाचा निकाल आपल्याच मुलांनी निमूट उतरवून द्यावा, हे मात्र आम्हाला मान्य नाही. ज्या वाक्यात राग आहे तेथे राग लिहिला गेला पाहिजे. तो राग रास्त आहे की नाही, हे मालकाने नंतर ठरवावे.